सपाट रेघ आणि तिच्या शेजारचा आकडा

कर्णपटलाच्या मागे असलेली मध्यकर्णाची पोकळी ही शरीरातील अशा मोजक्या जागांपैकी आहे, की जेथे हवा भरलेली असणे हेच आरोग्याचे लक्षण होय. आणि तरीही त्या हवेचा दाब किती आहे, किंवा हवेच्या जागी द्रव साचला आहे की काय, हे पडद्याला छिद्र न पाडता प्रत्यक्ष मोजण्याची कोणतीही सरळ सोय नाही. कानात दुर्बीण घालून पाहणारा वैद्य पडद्याचा रंग पाहतो, त्याची चमक पाहतो, तो आत ओढला गेला आहे की नाही याचा अंदाज बांधतो, आणि हे सर्व करूनही पुष्कळदा संशय उरतोच. कारण किंचित मळकट दिसणारा पडदा निरोगी असू शकतो आणि स्वच्छ दिसणाऱ्या पडद्यामागे पातळ, पारदर्शक द्रव असू शकतो. हा संशय बऱ्याच अंशी फेडणारी जी चाचणी आज कानाच्या बहुतेक दवाखान्यांत काही सेकंदांत केली जाते, तिला टिंपॅनोमेट्री म्हणतात, आणि तिच्यातून निघणाऱ्या कागदावर एक वक्र रेषा आणि तिच्या बाजूला दोन-तीन आकडे एवढाच मजकूर असतो. तो मजकूर कसा वाचावा, हाच या प्रकरणाचा विषय आहे.

या चाचणीचे मूळ कोपनहेगन शहरात आहे. तेथील ओटो मेट्झ यांनी 1946 साली निरोगी आणि रोगग्रस्त कानांकडून ध्वनीला होणारा विरोध मोजून दाखवला, आणि त्याच शहरातील टेर्किल्डसेन व थॉमसेन यांनी 1959 साली त्यात एक निर्णायक भर घातली: कानाच्या नळीतील हवेचा दाब हेतुपुरस्सर बदलत जायचे आणि त्या प्रत्येक दाबाला पडदा ध्वनीशी कसा वागतो ते नोंदवायचे. ही कल्पना सांगायला सोपी आहे. पण तिच्यात जी युक्ती दडलेली आहे ती लक्षात आली, म्हणजे पुढचे सारे वाचन आपोआप सुलभ होते.

कानाच्या नळीत मऊ रबरी टोपी चढवलेला एक प्रोब घट्ट बसवतात. त्या प्रोबला तीन सूक्ष्म छिद्रे असतात. एकातून सेकंदाला 226 कंपनांचा, मंद गुणगुणण्यासारखा सूर सोडला जातो, दुसऱ्यामागे बसवलेला मायक्रोफोन नळीत किती आवाज शिल्लक राहिला ते ऐकतो, आणि तिसरे छिद्र एका छोट्या पंपाला जोडलेले असते, जो नळीतील हवा कमीजास्त करतो. दाब मोजण्याचे माप डेकापास्कल हे आहे. एक डेकापास्कल म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब. पंप प्रथम नळीतील दाब बाहेरच्या वातावरणापेक्षा 200 डेकापास्कलने वाढवतो आणि मग तो क्रमाक्रमाने उतरवत, वातावरणाच्या बरोबरीला आणून, त्याहीखाली उणे 400 पर्यंत नेतो. वातावरणाचा एकूण दाब सुमारे 10,000 डेकापास्कल असतो हे ध्यानात घेतले, तर हा सारा फेरबदल किती अल्प आहे ते कळेल. परंतु पडद्यासारख्या नाजूक त्वचेला तेवढाही पुरेसा होतो.

दाब 200 ने वाढलेला असतो तेव्हा पडदा आत दाबला जाऊन ताठ होतो, आणि ताठ झालेला पडदा ध्वनीला आत घेण्याऐवजी परत फेकतो. दाब कमी होऊ लागला की ताठरपणा ओसरू लागतो, आणि ज्या क्षणी पडद्याच्या बाहेरचा दाब आणि आतल्या पोकळीतला दाब तंतोतंत समान होतात त्या क्षणी पडद्यावर कोणत्याही बाजूचा जोर उरत नाही, तो सर्वांत मोकळेपणाने हलतो, आणि सर्वांत अधिक ध्वनी आत शिरतो. त्याही पुढे दाब उतरवत नेला की पडदा बाहेर ओढला जातो आणि पुन्हा ताठ होतो. कागदावर आडव्या रेषेवर दाब आणि उभ्या रेषेवर आत शिरणाऱ्या ध्वनीचे प्रमाण मांडले, तर स्वाभाविकच मधोमध शिखर असलेला एक डोंगर उभा राहतो. आता युक्ती अशी, की त्या शिखराच्या थेट खाली आडव्या रेषेवर जो दाब लिहिलेला असेल, तोच बंद पोकळीच्या आतला दाब होय. पोकळीला स्पर्शही न करता, केवळ बाहेरचा दाब तिच्याशी जुळवून, आपण तिची गुप्त गोष्ट काढून घेतलेली असते. एखाद्या मोजमापाच्या पद्धतीतले चातुर्य पाहून मन प्रसन्न व्हावे अशी ही जागा आहे, आणि विद्यार्थ्यांनी ती पाठ करण्यापूर्वी क्षणभर थांबून तिचा आनंद घ्यावा असे मला मनापासून वाटते.

उभ्या रेषेवरच्या मापाविषयी थोडा खुलासा आवश्यक आहे. ध्वनी किती सहजतेने आत शिरतो याचे माप मिलीम्हो या एककात देतात, आणि 226 हा वरवर विचित्र वाटणारा आकडा निवडण्याचे कारणही त्यातच आहे. या सुराला समुद्रसपाटीवर एक मिलिलिटर बंद हवा बरोबर एक मिलीम्हो एवढी सहजता दाखवते, म्हणून हाच आकडा हवेचे आकारमान म्हणूनही वाचता येतो. नळावर घागर भरत असता ती किती भरली हे डोळ्यांनी न पाहताही केवळ तिच्या बदलत्या आवाजावरून घरातल्या माणसाला कळते. यंत्र कानाच्या नळीपुढे तेच करते, फक्त ते आवाजाची उंची ऐकत नाही, तर एका ठराविक पातळीपर्यंत आवाज चढवण्यासाठी नळीत किती ध्वनी ओतावा लागला ते मोजते. जागा लहान असेल तर थोडक्यात काम भागते, मोठी असेल तर अधिक ओतावा लागतो. सुरुवातीला, पडदा दाबाने ताठ झालेला असताना, यंत्राला जी जागा जाणवते ती केवळ प्रोब आणि पडदा यांच्यामधली नळी असते. म्हणून त्या क्षणीचा आकडा नळीचे आकारमान म्हणून कागदाच्या कडेला छापला जातो, आणि तो वजा करून उरलेली उंची पडद्याच्या खात्यावर जमा होते. उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्यामुळे हा हिशोब किंचित सरकतो. सुमारे 1,350 मीटर उंचीवरच्या महाबळेश्वरात जर समुद्रकाठी जुळवलेले यंत्र तसेच वापरले, तर ते प्रत्येक आकारमान सहाव्या-सातव्या हिश्श्याने अधिक सांगेल, आणि म्हणून जेथे यंत्र वापरायचे तेथेच ज्ञात आकारमानाच्या धातूच्या डबीवर ते जुळवून घेण्याचा नियम आहे.

कडेला छापलेला हा नळीचा आकडा दिसायला गौण, पण माझ्या मते सर्वांत प्रथम वाचावयाचा. अनुभवी श्रवणतज्ज्ञ रेषेकडे पाहण्यापूर्वी त्याच्याकडे पाहतो; नवशिका रेषेने मोहित होऊन त्याच्याकडे शेवटी पाहतो, आणि त्यातून जे घोटाळे होतात त्यांचा परामर्श पुढे येईलच.

निरोगी कानाची रेषा ओळखण्यास अवघड नाही. शिखर वातावरणाच्या दाबाच्या आसपास, म्हणजे उणे 100 ते अधिक 50 डेकापास्कलच्या दरम्यान असते. प्रौढांमध्ये त्याची उंची सामान्यतः 0.3 ते दीड मिलीम्होपर्यंत भरते, आणि मुलांमध्ये ती थोडी कमी असते. ह्यूस्टनच्या जेम्स जर्जर यांनी 1970 साली रेषांच्या आकृतींना इंग्रजी अक्षरांची नावे देऊन जे वर्गीकरण रूढ केले, त्यात ही ‘ए’ प्रकारची रेषा होय. मात्र शिखर योग्य जागी आहे एवढ्यावर समाधान मानू नये. डोंगर किती रुंद आहे हेही पाहावे. शिखराच्या अर्ध्या उंचीवर डोंगराची रुंदी मोजतात, आणि मुलांमध्ये ती 200 ते 250 डेकापास्कलच्या पुढे गेली तर शिखर जागेवर असूनही पडद्यामागे थोडा द्रव असण्याचा दाट संशय घ्यावा लागतो. कारण द्रवाने अंशतः व्यापलेली पोकळी पडद्याला झटकन मोकळा होऊ देत नाही, आणि तीक्ष्ण शिखराऐवजी गोलाकार, पसरट टेकडी उमटते.

शिखर डावीकडे, उणे दाबाच्या बाजूला सरकलेले असेल तर ती ‘सी’ प्रकारची रेषा, आणि तिचे कारण समजण्यासाठी मध्यकर्णाच्या एका स्वभावाकडे वळावे लागते. पोकळीच्या आतील पातळ अस्तर तेथील हवा सतत रक्तात शोषून घेत असते, आणि ही तूट भरून काढण्याचे एकच नियमित साधन आहे, ते म्हणजे नाकाच्या मागून कानाकडे जाणारी युस्टेशियन नलिका. एरवी मिटलेली ही नलिका आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूच्या एका स्नायूच्या खेचीने क्षणभर उघडते, आणि त्या क्षणात नवी हवा आत जाऊन दाब समान होतो. सर्दीने अस्तर सुजले, अडिनॉइड वाढून तोंडाशी अडथळा झाला, किंवा दुभंगलेल्या टाळूमुळे त्या स्नायूला खेच घेता आली नाही, तर हवा शोषली जाते पण भरली जात नाही, आणि आतला दाब घसरतो. लहान मुलांची नलिका प्रौढांपेक्षा आखूड आणि अधिक आडवी असल्यामुळे ही आपत्ती त्यांच्यावर वारंवार येते. दाब पुरेसा घसरला आणि तसाच राहिला, तर अस्तरातून द्रव पाझरू लागतो.

उणे 100 ते उणे 200 मधील शिखर आणि उणे 200 च्या पलीकडचे शिखर यांत डॅनिश संशोधकांनी भेद केला, आणि तो व्यवहारात उपयोगी आहे. पहिल्या प्रकारात द्रव असण्याची शक्यता कमी, दुसऱ्यात ती बरीच अधिक. परंतु दोन सावधगिऱ्या पाळल्याच पाहिजेत. एक अशी, की ‘सी’ ही रेषा म्हणजे रोग नव्हे; साध्या पडशातही ती उमटते, सकाळची संध्याकाळी बदलते, आणि विमान खाली उतरत असता ज्याचे कान दडे बसल्यासारखे होतात त्याची रेषा त्या वेळी काढली तर तीही अशीच डावीकडे सरकलेली सापडेल. दुसरी अशी, की शिखर दाखवते त्यापेक्षा प्रत्यक्ष दाब पुष्कळदा कमी उणा असतो. कारण पंपाच्या खेचीने पडदा बाहेर सरकतो तेव्हा पोकळीचे आकारमानही बदलते, आणि द्रवामुळे जेथे हवेची जागा थोडीच उरली आहे तेथे हा बदल मोठा ठरून शिखर आणखी डावीकडे ढकलले जाते. म्हणून उणे 300 वरचे शिखर पाहून आत तेवढाच दाब आहे असा दाखला देऊ नये. तेथे दाब घसरलेला आहे आणि द्रवही असू शकेल, एवढीच साक्ष ती रेषा देते.

आता ज्या रेषेने सर्वांत अधिक चिंता आणि सर्वांत अधिक गैरसमज निर्माण केले आहेत तिच्याकडे येऊ. शिखरच नाही, दाब 200 पासून उणे 400 पर्यंत फिरवला तरी रेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळजवळ आडवी. ही ‘बी’ प्रकारची रेषा होय. पोकळी द्रवाने भरली, की पडद्यामागच्या लवचिक हवेची जागा न दबणाऱ्या द्रवाने घेतलेली असते, आणि मग बाहेरचा दाब कितीही फिरवला तरी पडदा मोकळा होण्याचा क्षण येतच नाही; म्हणून रेघ सपाट. पण सपाट रेघ इतर दोन मार्गांनीही निघते, आणि तिन्हींचा निवाडा करणारा एकमेव साक्षीदार म्हणजे तो कडेचा आकडा.

शाळकरी मुलाच्या नळीचे आकारमान साधारण 0.4 ते 1 मिलिलिटर असते. सपाट रेघेशेजारी 0.7 असा आकडा असेल, तर प्रोबपुढची नळी मोकळी आहे, पडदा अखंड आहे, आणि तो हलत नाही; येथे द्रवाचाच विचार करावा. आकडा 0.1 किंवा 0.2 असेल, तर प्रोबपुढे जागाच नाही, म्हणजे मळाचा बोळा आहे किंवा प्रोबचे टोक नळीच्या भिंतीला टेकले आहे. या रेघेला कानाविषयी बोलण्याचा अधिकारच नाही, आणि प्रोब नीट बसवून किंवा मळ काढून चाचणी पुन्हा केलीच पाहिजे. आकडा 2 किंवा 3 मिलिलिटर असेल, तर यंत्राला नळीच्या पलीकडची मध्यकर्णाची पोकळी आणि कानामागच्या हाडातील हवेच्या कोठड्याही जाणवत आहेत; पडद्याला भोक आहे, किंवा त्यात बसवलेली नळी उघडी आहे. अशा कानात दोन्ही बाजूंचा दाब एकत्रच बदलतो, म्हणून पडदा ताणलाच जात नाही. केवळ आकृतीवरून सरसकट ‘बी’ असे लिहून कागद पुढे पाठवणाऱ्याने तीन अगदी भिन्न कैफियती एकाच नावाखाली रुजू केल्या असे होते, आणि त्यांतील प्रत्येकीचा उपाय निराळा आहे.

एक दाखला तपशिलाने पाहू. तो कल्पित आहे, पण असे मूल पावसाळ्याच्या शेवटी कोणत्याही कानाच्या दवाखान्यात दिसते. सहा वर्षांचा मुलगा वर्गात नावाने हाक मारली तर ऐकतो, पण मागून बोलले की दोनदा सांगावे लागते; घरी दूरदर्शन मोठ्याने लावतो; कान दुखत नाही, वाहत नाही, ताप नाही; दोन महिन्यांत दोनदा सर्दी झाली. उजव्या कानाची रेघ सपाट आणि नळीचा आकडा 0.7. डाव्या कानाचे शिखर उणे 245 वर, उंची 0.3, आकडा 0.6. उजवीकडे मळ नाही, भोक नाही. म्हणजे तेथे द्रव असण्याचा संभव फार मोठा, आणि दुर्बिणीतून दिसणारा निस्तेज, पिवळसर पडदा त्याला दुजोरा देतो. डावीकडे पडदा अजून हलतो आहे, पण नलिकेचे काम बिघडलेले आहे. श्रवणाची चाचणी उजवीकडे सुमारे 30 डेसिबलची घट सांगते, आणि ही घट ध्वनी पोहोचण्यातली आहे, आतल्या मज्जातंतूतली नाही.

येथे आईबापांची स्वाभाविक मागणी अशी असते, की आजच काहीतरी करा. परंतु सपाट रेघ एका दिवसाचे वर्तमान सांगते, आणि ज्याला कोठलीही तीव्र लागण नाही अशा द्रवाच्या बाबतीत जगभरातील वैद्यकीय मार्गदर्शक सूचना तीन महिने लक्ष ठेवून थांबण्यास सांगतात. कारण बहुसंख्य मुलांमध्ये हा द्रव त्या अवधीत आपोआप ओसरतो. प्रतिजैविकांचा यात उपयोग नाही. या अवधीत शिक्षकांना सांगून मुलाला पुढच्या बाकावर बसवावे आणि त्याच्याशी समोरून, तोंड दिसेल असे बोलावे, इतकी व्यवस्था मात्र आजच करता येते आणि करायलाच हवी, कारण वाट पाहणे म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणे नव्हे.

तीन महिन्यांनी पुन्हा चाचणी होते. डावीकडे शिखर उणे 60 वर आलेले आहे आणि उंची 0.5 भरली आहे. तेथले प्रकरण मिटले. उजवीकडे अजून निरोगी रेषा नाही, पण सपाट रेघही नाही. उणे 180 वर 0.2 उंचीची बसकी, रुंद टेकडी उमटली आहे. ज्याने मागील कागद पाहिला नाही तो याला बिघाड म्हणेल. ज्याने दोन्ही कागद शेजारी ठेवले त्याला दिसेल की द्रव उतरू लागला आहे, पडद्यामागे हवेला पुन्हा जागा मिळाली आहे, आणि म्हणून यंत्राला शिखर सापडले आहे. सपाटपासून बसक्या टेकडीकडे, तेथून डावीकडच्या स्पष्ट शिखराकडे, आणि अखेर मध्यावरच्या शिखराकडे, हा परतीचा नेहमीचा मार्ग आहे. आणखी सहा आठवड्यांनी या मुलाच्या उजव्या कानाचे शिखर उणे 40 वर 0.4 उंचीचे दिसले, तर शस्त्रक्रियेचा विषय मिटला.

पण समजा तीन महिन्यांनंतरही उजवी रेघ सपाटच राहिली, दोन्ही कान बिघडले, श्रवण सुधारले नाही आणि बोलण्या-शिकण्यावर परिणाम दिसू लागला, तर पडद्यात ग्रोमेट म्हणजे बारीक नळी बसवण्याचा निर्णय होतो. यानंतर तोच कागद उलट्या अर्थाने वाचावा लागतो. ग्रोमेट उघडी असेल तर रेघ सपाटच असणार, पण आकडा आता 0.7 नसून, समजा, 2.8 असेल, ही सपाट रेघ शुभ आहे, कारण ती नळी मोकळी असल्याची ग्वाही देते. काही महिन्यांनी रेघ सपाट पण आकडा पुन्हा 0.7 झाला, तर ग्रोमेट बुजली आहे किंवा गळून पडली आहे, आणि मागे द्रव पुन्हा साचला आहे. आकडा 0.7 आणि मध्यावर सुरेख शिखर, असे दिसले तर ग्रोमेटचे काम संपले आहे आणि त्यामागचा कान बरा आहे. केवळ आकृतीवर भिस्त ठेवणाऱ्याला पहिल्या आणि दुसऱ्या कागदांत फरकच दिसला नसता. एक अपवाद मात्र लक्षात ठेवावा: ज्यांच्या कानामागच्या हाडातील कोठड्या दीर्घ आजाराने पुरत्या वाढल्याच नाहीत, किंवा ज्यांची पोकळी स्रावाने भरलेली आहे, त्यांच्यात पडद्याला भोक असूनही आकडा फारसा वाढत नाही, तेव्हा दुर्बिणीची साक्षच अंतिम मानावी.

येथे एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. सपाट रेघ द्रव आहे एवढेच सुचवते. तो पाण्यासारखा पातळ आहे की डिंकासारखा चिकट, तो किती दिवसांपासून आहे, आणि मुलाला किती ऐकू येते, यांपैकी काहीही ती सांगत नाही. एकाच प्रकारच्या सपाट रेघा असलेल्या दोन मुलांत एकाचे श्रवण जवळजवळ निरोगी आणि दुसऱ्याची घट 40 डेसिबलची असू शकते. रेषा पडद्याच्या चलनवलनाची आहे, श्रवणाची नव्हे. श्रवणाची चाचणी तिच्या जोडीला केलीच पाहिजे.

शिखराच्या उंचीविषयी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यावर जेवढा विश्वास टाकला जातो तेवढ्याला ती पात्र नाही. जर्जर यांनी जागेवरच्या पण ठेंगण्या शिखराला ‘ए-एस’ आणि अवास्तव उंच शिखराला ‘ए-डी’ म्हटले. पहिले, रिकिबीचे हाडूक जखडल्यावर, म्हणजे ओटोस्क्लेरोसिसमध्ये, दिसू शकते. दुसरे, लहान हाडांची साखळी निखळली असता किंवा पडदा पूर्वी फुटून अतिशय पातळ पापुद्र्याने भरून आला असता. पण निरोगी माणसांच्या उंचीतच इतका फरक असतो, की ओटोस्क्लेरोसिसच्या पुष्कळ रोग्यांची रेषा साध्या ‘ए’ सारखीच असते, आणि त्यांचे निदान मोठ्या आवाजाला रिकिबीच्या स्नायूने द्यावयाचा प्रतिसाद लोपला आहे की नाही यावरून अधिक खात्रीने होते. दुसरा नियम याहून महत्त्वाचा आहे: ध्वनीच्या वाटेत जो दोष सर्वांत बाहेरचा, तोच रेषेवर हुकूम गाजवतो. रिकीब जखडलेली असूनही तिच्यापुढे पडद्यावर पातळ पापुद्रा असेल, तर रेषा उंचच निघेल आणि आतला दोष तिच्याआड लपून जाईल. म्हणून उंच रेषा पाहून हाडांची साखळी निखळली असे ठरवण्यापूर्वी पडद्यावर जुनी खूण आहे का ते पाहावे.

अखेरीस, अगदी तान्ह्या मुलांविषयी. सहा महिन्यांखालील अर्भकाच्या कानाची नळी अजून हाडाने घट्ट झालेली नसते. तिच्या मऊ भिंती पंपाच्या दाबाने स्वतःच आतबाहेर होतात, आणि 226 कंपनांच्या सुराने घेतलेल्या चाचणीत ही हालचालच पडद्याची हालचाल म्हणून नोंदली जाऊ शकते. परिणाम असा, की पोकळी द्रवाने भरलेली असूनही कागदावर सुबक शिखर उमटते आणि आईबाप निर्धास्त होऊन घरी जातात. म्हणून या वयात सेकंदाला 1000 कंपनांचा उंच सूर वापरतात. त्याची रेषा अनेकदा वेडीवाकडी असते आणि वर सांगितलेली अक्षरे तिला लागू पडत नाहीत. ती वाचण्यासाठी रेषेची दोन्ही टोके एका सरळ रेघेने जोडतात, आणि वक्र त्या रेघेच्या वर उठला असेल तर पडदा हलतो आहे असे मानतात, वर उठलाच नसेल किंवा खाली खचला असेल तर द्रवाचा संशय घेतात. जन्मानंतरच्या श्रवण-तपासणीत जे अर्भक उत्तीर्ण होत नाही, त्याच्या बाबतीत ही घट मध्यकर्णातील द्रवाची, म्हणजे बहुधा तात्पुरती, आहे की आतल्या कानाची, हे ठरवण्यास या चाचणीची मदत होते. आणि म्हणूनच अशा अर्भकाचा कागद हाती आल्यावर, शिखर कोठे आहे हे पाहण्याच्या आधी, चाचणीसाठी कोणता सूर वापरला होता ते विचारून घ्यावे.